खोडता न येणारी वही

हाताने लिहिलेला जुना सातबारा नीट पाहिला, तर त्यात एक गोष्ट लक्षात येते. जमीन विकली गेली, वारस लागले, बहिणींनी हक्कसोड केली, तरी आधीचे नाव खोडून टाकलेले नसते. त्याला कंस केलेला असतो. कंसातले नाव वाचता येते आणि त्याच्याजवळ वर्तुळात एक आकडा असतो, तो फेरफार क्रमांक. तो आकडा घेऊन गाव नमुना 6 उघडला, की बदल कोणत्या तारखेला आणि कशाच्या आधारावर झाला ते कळते. नोंद तलाठ्याने लिहायची आणि मंडळ अधिकाऱ्याने तपासून प्रमाणित करायची, अशी कामाची विभागणीही त्यात आहे. लिहिणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा.

आज कंपन्यांचे हिशेब, रुग्णालयांची कागदपत्रे आणि पतसंस्थांची खाती भाड्याच्या संगणकांवर, म्हणजे क्लाउडवर असतात. तिथे सर्व्हर कोणी उघडला, कुलूप कोणी बदलले, कोणाला नवी किल्ली दिली याचीही फेरफार नोंदवही असते. तिला ऑडिट ट्रेल म्हणतात. अशी वही आहे का, या प्रश्नावर बहुतेक कंपन्या हो म्हणतात. माझ्या मते खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्याच्या कामाची नोंद त्या वहीत आहे, त्याच्याच हातात वही आहे का? तसे असेल, तर पान फाडायला त्याला एक मिनिटही पुरते.

हे समजून घेण्यासाठी एक प्रसंग कल्पू. कंपनी काल्पनिक आहे, पण त्यातला प्रत्येक टप्पा अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या क्लाउडवर जसा घडतो तसाच मांडला आहे. या सेवेतल्या नोंदवहीचे नाव क्लाउडट्रेल. ती 2013 मध्ये आली. मायक्रोसॉफ्ट आणि गुगलच्या क्लाउडवरही अशा वह्या आहेत. त्यांची नावे वेगळी असली तरी विचार तोच आहे.

चोवीस मिनिटे

समजा, चाकणमधली सुटे भाग बनवणारी एक मध्यम कंपनी आहे. तिचे हिशेबाचे सॉफ्टवेअर क्लाउडच्या मुंबई विभागातल्या सर्व्हरवर चालते. सोमवार, 12 मे 2025 रोजी लेखा विभागाच्या लक्षात येते, की एका पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदललेला आहे आणि सकाळचे मोठे देणे भलत्याच खात्यात गेले आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी सोय आहे. ती उघडून पाहतात तर या पुरवठादाराच्या नावापुढे एकही बदल दिसत नाही. सॉफ्टवेअरच्या लेखी खाते क्रमांक पहिल्यापासून हाच आहे.

हे कसे शक्य आहे? सॉफ्टवेअर हा दुकानाचा पुढचा दरवाजा. गल्ल्यावर बसलेला माणूस पुढून येणाऱ्या प्रत्येकाची नोंद करतो. पण सॉफ्टवेअरमागे डेटाबेस असतो आणि त्यात थेट शिरून आकडा बदलला, तर गल्ल्यावरच्या माणसाला पत्ताही लागत नाही. चोर मागच्या दाराने आला होता.

मागचे दार रोज बंद असते. सर्व्हरभोवती जाळ्यासारखे एक कुंपण असते, ते ठरावीक पत्त्यांवरूनच आत येऊ देते. सोमवारी तपासले तेव्हा कुंपण जसे असायला हवे तसेच होते. आजची स्थिती पाहून काहीच कळत नव्हते. मग कोणीतरी क्लाउडट्रेलच्या नोंदी काढल्या आणि शनिवार-रविवारच्या रात्रीत ही ओळ सापडली. मूळ नोंद लांबलचक असते. इथे फक्त कामाचा भाग दिला आहे.

```
{
  "eventTime": "2025-05-10T20:47:12Z",
  "eventName": "AuthorizeSecurityGroupIngress",
  "awsRegion": "ap-south-1",
  "sourceIPAddress": "203.0.113.45",
  "userIdentity": {
    "type": "IAMUser",
    "userName": "deploy-admin",
    "accessKeyId": "AKIAIOSFODNN7EXAMPLE"
  }
}
```

नोंद वाचायला अवघड नाही. `eventName` म्हणजे काय केले: कुंपणाला नवे दार पाडले. `awsRegion` म्हणजे कुठे: मुंबई विभागात. `sourceIPAddress` म्हणजे हुकूम कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून आला. `userIdentity` म्हणजे कोणाच्या नावाने आणि कोणत्या किल्लीने. याच नोंदीच्या पुढच्या भागात दार कोणते आणि कोणासाठी उघडले तेही असते. इथे डेटाबेसचे 3306 क्रमांकाचे दार `0.0.0.0/0` साठी उघडले होते. त्याचा अर्थ साऱ्या जगासाठी.

वेळेकडे मात्र सावधपणे पाहावे लागते. शेवटचे `Z` सांगते, की ही वेळ जागतिक प्रमाणवेळ आहे. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे 10 मेच्या 20:47 चा अर्थ आपल्याकडे 11 मेच्या पहाटेचे 2 वाजून 17 मिनिटे. नोंदीवरची तारीखसुद्धा आदल्या दिवसाची आहे. हे ध्यानात न घेता चौकशी केली, तर शनिवारी रात्री पावणेनऊला कामावर असलेल्या एखाद्या निर्दोष माणसावर ठपका येऊ शकतो.

पुढच्या नोंदी चोराची सगळी चाल सांगतात. 2 वाजून 29 मिनिटांनी याच किल्लीने `StopLogging` हा हुकूम दिला गेला. तो नोंदवही बंद करण्याचा हुकूम. 2 वाजून 41 मिनिटांनी `RevokeSecurityGroupIngress`, म्हणजे उघडलेले दार पुन्हा बंद. चोवीस मिनिटांत काम झाले आणि घर पूर्ववत झाले. सोमवारी सगळे ठीक दिसत होते ते यामुळेच.

नाव कळले, माणूस कळला का?

नोंदीत `deploy-admin` हे नाव आहे. ते कोणा माणसाचे नाही. कंपनीतले तिघेजण हे एकच खाते वापरत होते, आणि इथे ऑडिट ट्रेलची पहिली मोठी मर्यादा समोर येते. वही किल्लीचे नाव सांगते. किल्ली कोणाच्या हातात होती ते तिला माहीत नसते.

तरीही शोध इथे संपत नाही, कारण प्रत्येक किल्लीला स्वतःचा क्रमांक असतो. `AKIA` ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे कायमची किल्ली. `ASIA` ने सुरू होणारी काही तासांपुरती. मग मागे जाऊन शोधायचे, की ही किल्ली कधी घडवली गेली. तिची `CreateAccessKey` ही नोंद नोव्हेंबर 2024 मधली निघते. तेव्हा बाहेरच्या एका कंत्राटदाराला कामापुरती किल्ली करून दिली होती. काम संपले, कंत्राटदार गेला, किल्ली राहिली. गुन्हा त्यानेच केला असे यावरून सिद्ध होत नाही; त्याच्या लॅपटॉपवरून ती दुसऱ्या कोणी उचललेली असू शकते. पण चौकशीला दिशा मिळते. इंटरनेट पत्ता कोणत्या कंपनीने कोणाला दिला होता हे पोलीस विचारू शकतात.

ही जुनी नोंद सापडण्यासाठी दोन गोष्टी आधीच केलेल्या असाव्या लागतात. क्लाउडट्रेल काही न करताही नोंदी दाखवते, पण त्या फक्त मागच्या 90 दिवसांच्या. नोव्हेंबरची नोंद मे महिन्यात हवी असेल, तर नोंदी स्वतःच्या साठ्यात उतरवून घेणारी ‘ट्रेल’ आधीपासून चालू असायला हवी. दुसरी गोष्ट जागेची. कंपनीचे सगळे सर्व्हर मुंबईत असले, तरी माणसे आणि किल्ल्या यांच्याबद्दलच्या नोंदी अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या `us-east-1` विभागाच्या नावाने लागतात. कोणी काटकसरीने किंवा अनवधानाने फक्त मुंबईची ट्रेल चालू केली असेल, तर किल्ली घडवल्याची नोंद साठ्यात येतच नाही. म्हणून ट्रेल सर्व विभागांसाठी चालू ठेवायची.

वही चोराच्या हातात असती तर

2 वाजून 29 मिनिटांच्या त्या `StopLogging` कडे पुन्हा जाऊ. चोराला नोंदवहीची जाणीव होती. त्याचा हुकूम यशस्वी झाला असता तर?

अनेक लहान कंपन्यांत सर्व्हर, हिशेब आणि नोंदवही हे सारे एकाच क्लाउड खात्यात असते आणि अ‍ॅडमिनला त्यातले सगळे करता येते. तिथे हुकूम चालला असता आणि त्यानंतरच्या घडामोडी साठ्यात उतरल्या नसत्या. वही बंद केल्याची नोंद तेवढी मागे राहते, पण ती कोणी वेळेवर पाहायला हवी. त्याहून वाईट म्हणजे चोराला जुन्या फाइल्सनाही हात लावता आला असता. क्लाउडट्रेल सरासरी पाचेक मिनिटांत नोंदींची फाइल साठ्यात ठेवते. ती साधी मजकुराची फाइल असते. तिच्यातली एक ओळ काढून टाकणे किंवा `deploy-admin` च्या जागी एखाद्या सहकाऱ्याचे नाव घालणे कोणत्याही जाणकाराला जमते. मग वही खोटी साक्ष देऊ लागते, आणि खोटी साक्ष देणारी वही कोऱ्या वहीपेक्षा घातक.

आपल्या कंपनीत हुकूम फसला, कारण वही दुसऱ्या घरात होती. तिथे नोंदींसाठी स्वतंत्र क्लाउड खाते केले होते. सर्व्हर चालवणाऱ्या कोणाकडेही त्या खात्याची किल्ली नव्हती आणि नोंदवही बंद करण्याचा अधिकार संपूर्ण संस्थेच्या पातळीवरूनच काढून घेतला होता. त्यामुळे `StopLogging` च्या नोंदीपुढे `errorCode` च्या रकान्यात `AccessDenied` असे लागले. फसलेला प्रयत्नही वहीत येतो, ही या व्यवस्थेची मोठी जमेची बाजू. आपल्या दृष्टीने ही सगळ्या रात्रीतली सर्वांत बोलकी ओळ आहे. दार उघडणे एखाद्या वेळी चूक असू शकते. पहाटे अडीच वाजता नोंदवही बंद करू पाहणे ही चूक नसते.

तलाठी आणि मंडळ अधिकारी यांच्यातली विभागणी ती हीच.

एकात एक गुंफलेले ठसे

आता आणखी कठीण प्रश्न. वही दुसऱ्या घरात आहे हे ठीक, पण त्या घराचा रखवालदारच फितूर असेल तर? किंवा उद्या न्यायालयात समोरच्या बाजूचे वकील म्हणाले, की या फाइल्स तुम्हीच मागाहून लिहिल्या आहेत, तर? मजकूर बदललेला नाही हे सिद्ध कसे करायचे?

इथे गणित मदतीला येते. कोणत्याही मजकुराचा एक ठसा काढता येतो. त्यासाठीच्या प्रचलित पद्धतीचे नाव एसएचए-256. मजकूर एका शब्दाचा असो की हजार पानांचा, ठसा कायम 64 अक्षरांचा येतो. एकाच मजकुराचा ठसा जगात कुठेही काढला तरी तोच येतो, पण मजकुरात टिंबाचा फरक पडला तर ठसा पूर्ण बदलतो. `hello` या शब्दाचा ठसा `2cf24dba` ने सुरू होतो. पहिले अक्षर मोठे करून `Hello` लिहिले, की तो `185f8db3` ने सुरू होतो. दोघांत कसलेही साम्य राहत नाही. ठशावरून उलट मजकूर काढता येत नाही आणि हवा तो ठसा येईल असा दुसरा मजकूर जुळवून आणणेही आजच्या संगणकांना व्यवहारात अशक्य आहे.

क्लाउडट्रेलमध्ये नोंदींची सत्यता तपासण्याची सोय चालू केली, की दर तासाला एक वेगळी फाइल तयार होते. तिला डायजेस्ट म्हणतात. त्या तासात आलेल्या प्रत्येक नोंद-फाइलचे नाव आणि तिचा ठसा तिच्यात लिहिलेला असतो. शिवाय आधीच्या तासाच्या डायजेस्टचा ठसाही तिच्यात असतो, आणि या सगळ्यावर अ‍ॅमेझॉनची डिजिटल सही असते. सही करणारी गुप्त किल्ली अ‍ॅमेझॉनकडे असते. ग्राहकाला ती कधी दिसतही नाही.

या रचनेत चोराची कोंडी कशी होते ते पाहा. त्याने 2 वाजून 17 मिनिटांची नोंद बदलली, तर त्या फाइलचा ठसा डायजेस्टमधल्या ठशाशी जुळणार नाही. म्हणून त्याने डायजेस्टमधला ठसाही बदलला, तर डायजेस्टवरची सही खोटी ठरेल आणि नवी सही करायची किल्ली त्याच्याजवळ नाही. त्याने पूर्ण डायजेस्टच गायब केली, तर पुढच्या तासाच्या डायजेस्टमध्ये तिचा ठसा आहे, म्हणून मधली कडी तुटलेली दिसेल. ज्या तासात काहीच घडले नाही त्या तासाचीही डायजेस्ट बनते. त्यामुळे ‘या तासात नोंदच नव्हती’ असा दावा करायचा तर त्यालाही पुरावा लागतो. पानावर अनुक्रमांक छापलेल्या पावतीपुस्तकातून मधली पावती फाडली की लगेच कळते, तसेच हे.

तपासणी एका हुकुमात होते:

```
aws cloudtrail validate-logs \
  --trail-arn arn:aws:cloudtrail:ap-south-1:111122223333:trail/mukhya-nond \
  --account-id 444455556666 \
  --start-time 2025-05-10T18:00:00Z \
  --end-time 2025-05-11T00:00:00Z
```

सगळे जुळले तर किती डायजेस्ट आणि किती नोंद-फाइल्स खऱ्या निघाल्या त्याची मोजणी येते. फाइल बदललेली असेल तर `INVALID: hash value doesn't match` आणि नाहीशी झाली असेल तर `INVALID: not found` असे उत्तर मिळते.

या साखळीच्याही मर्यादा आहेत. सोय चालू करण्याआधीच्या फाइल्सबद्दल ती काही सांगू शकत नाही. मध्येच ही सोय किंवा नोंदवही बंद केली, तर साखळी तिथे तुटते आणि पुन्हा चालू केल्यावर नव्याने सुरू होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साखळी चोरी उघड करते, पण अडवत नाही. पान फाडले गेले हे कळले तरी फाटलेले पान परत येत नाही.

मालकालाही न उघडणारे कुलूप

पान फाटूच नये यासाठी वेगळी व्यवस्था लागते, आणि तिचा उगम शेअर बाजाराच्या कायद्यात आहे. अमेरिकेच्या रोखे नियामकाने 1997 मध्ये दलालांना कागदाऐवजी संगणकी माध्यमात नोंदी ठेवायला परवानगी दिली, पण माध्यम असे हवे की ज्यावर एकदा लिहिलेले पुसता किंवा पुन्हा लिहिता येणार नाही. त्या काळी याचा अर्थ एकदाच लिहिता येणाऱ्या प्रकाशीय तबकड्या असा होता. एकदा लिहा, हवे तितक्या वेळा वाचा, हे तत्त्व तिथे रुजले. 2022 मध्ये नियामकाने दुसरा पर्यायही मान्य केला: बदल होऊ द्या, पण मूळ नोंद आणि त्यानंतरचा प्रत्येक बदल तारीख-वेळेसह परत उभा करता आला पाहिजे. सातबाऱ्यावरच्या कंसाचा विचार तो हाच.

क्लाउडमध्ये तबकडी हातात नसते. तिथे हेच काम नियमाने करावे लागते. अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या साठ्यात 2018 पासून ऑब्जेक्ट लॉक नावाची सोय आहे. प्रत्येक फाइलला मुदत लावता येते, आणि ती संपेपर्यंत फाइलची ती प्रत पुसता किंवा बदलता येत नाही. या कुलपाचे दोन प्रकार आहेत. `Governance` प्रकारात विशेष परवानगी असलेला माणूस कुलूप उघडू शकतो. `Compliance` प्रकारात कोणीच उघडू शकत नाही. अ‍ॅडमिन नाही, आणि ज्याच्या नावावर खाते आहे तो सर्वोच्च अधिकाराचा वापरकर्ताही नाही. मुदत वाढवता येते, कमी करता येत नाही. मुदतीआधी फाइल घालवायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे ते संपूर्ण क्लाउड खातेच बंद करणे. असे काम गुपचूप होत नाही.

इथे एक प्रकार नवख्या माणसाला घाबरवतो. कुलूपबंद फाइलवर साधा पुसण्याचा हुकूम दिला, तर तो चालतो आणि यादीतून फाइल दिसेनाशी होते. वाटते, कुलूप निकामी आहे. प्रत्यक्षात साठ्याने फाइलवर ‘पुसली’ अशी एक चिठ्ठी लावलेली असते. खालची प्रत जशीच्या तशी असते, आणि चिठ्ठी काढली की फाइल पुन्हा दिसते. त्या विशिष्ट प्रतीचा क्रमांक देऊन ती पुसायला गेले, की मात्र `AccessDenied` येते. म्हणून यादीत फाइल दिसत नाही एवढ्यावरून पुरावा गेला असे समजू नये.

या कुलपाची ताकद हाच त्याचा धोका. मुदत लिहिताना 8 वर्षांऐवजी चुकून 80 लिहिली, तर 80 वर्षांचे भाडे भरत राहावे लागेल. तसेच नोंदींमध्ये नको ती माहिती गेली, एखाद्या बेफिकीर प्रोग्रामरने लॉगमध्ये ग्राहकांचे पासवर्ड किंवा आजारांची माहिती उतरवली, तर तीही मुदतभर तशीच राहणार. म्हणून हे काम जाणणारे लोक आधी एका दिवसाची मुदत लावून सगळे तपासतात आणि मगच मोठा आकडा घालतात.

साखळी आणि कुलूप ही दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात. कुलूप फाइल टिकवते, पण आत ठेवली ती फाइल खरी होती का हे त्याला माहीत नसते. साखळी खरेपणा सिद्ध करते, पण फाइल वाचवू शकत नाही.

वही होती, वाचली कोणी नाही

या सगळ्या तजविजीनंतरही एक मोठे छिद्र उरते. ते दाखवणारी घटना अमेरिकेतल्या कॅपिटल वन या बँकेत घडली. 2019 च्या मार्चमध्ये या बँकेच्या अ‍ॅमेझॉन क्लाउडमधल्या साठ्यातून अमेरिकेतल्या सुमारे 10 कोटी आणि कॅनडातल्या सुमारे 60 लाख लोकांची माहिती चोरीला गेली. बाहेरून येणारी रहदारी गाळणाऱ्या एका यंत्रणेची मांडणी चुकली होती; तिच्याच ओळखीने चोर आत शिरला. त्याने आधी साठ्यांची यादी मागितली आणि मग त्यातल्या फाइल्स उतरवून घेतल्या.

या साऱ्याची नोंद होती. तपास यंत्रणेने न्यायालयात दाखल केलेल्या तक्रारीत बँकेच्या स्वतःच्या लॉगमधल्या तारखा, वापरलेली ओळख आणि दिलेले हुकूम आले आहेत. पण बँकेला चोरी कळली ती 17 जुलैला आलेल्या एका अनोळखी माणसाच्या ईमेलमुळे. त्यानंतर लॉग उघडले गेले, माग भराभर लागला आणि 29 जुलैला अटक झाली. म्हणजे जवळपास चार महिने वहीत सगळे लिहिलेले होते आणि ते कोणी वाचले नव्हते. पुढच्या वर्षी नियामकाने बँकेला 8 कोटी डॉलरचा दंड केला.

मोठ्या कंपनीत दिवसाला लाखो नोंदी होतात. माणूस त्या डोळ्यांनी वाचू शकत नाही, आणि वाचायची गरजही नाही. मोजक्या घटना अशा आहेत, की त्या घडताच जबाबदार माणसाचा फोन वाजला पाहिजे: नोंदवही बंद करण्याचा प्रयत्न, सर्वोच्च अधिकाराच्या खात्यातून झालेला प्रवेश, नवी कायमची किल्ली आणि साऱ्या जगाला उघडलेले दार. चाकणच्या आपल्या कंपनीत ही घंटा बसवलेली नव्हती. बसवली असती, तर पहाटे अडीचला कोणीतरी जागे झाले असते आणि सोमवारचे देणे थांबले असते.

कायद्याची अपेक्षा

भारतातल्या कंपन्यांसाठी हा विषय आता ऐच्छिक राहिलेला नाही. कंपनी (लेखा) नियमांनुसार 1 एप्रिल 2023 पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांत, सॉफ्टवेअरवर हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीचे सॉफ्टवेअर असे हवे, की ते प्रत्येक व्यवहाराचा माग ठेवेल, प्रत्येक बदल तारखेसह नोंदवेल आणि हा माग बंद करता येणार नाही. लेखापरीक्षकालाही आपल्या अहवालात सांगावे लागते, की ही सोय वर्षभर चालू होती का, तिच्याशी छेडछाड झाली का आणि नोंदी जपल्या आहेत का. हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे सांभाळायची असतात. वर 8 हा आकडा घेतला तो त्यामुळे.

नियम लागू झाल्यावर लेखापरीक्षकांच्या अहवालांत एक वाक्य वारंवार दिसू लागले: सॉफ्टवेअरमध्ये माग होता, पण डेटाबेसमध्ये थेट होणाऱ्या बदलांसाठी तो चालू नव्हता. चाकणच्या गोष्टीतले मागचे दार ते हेच. हे नीट समजून घ्यायला हवे, कारण क्लाउडट्रेलनेही ती फट पूर्ण भरत नाही. दार उघडले आणि बंद झाले एवढे क्लाउडट्रेल सांगते. डेटाबेसच्या आत कोणता खाते क्रमांक कोणत्या क्रमांकाने बदलला हे तिला दिसत नाही; त्यासाठी डेटाबेसचा स्वतःचा लॉग चालू करून तोही त्याच कुलूपबंद साठ्यात पाठवावा लागतो. साठ्यातली एखादी फाइल कोणी वाचली याची नोंदही क्लाउडट्रेल आपणहून ठेवत नाही. ती वेगळी चालू करावी लागते आणि तिचे पैसे वेगळे पडतात. जे चालू केले नाही त्याचा पुरावा कोणत्याही कुलपात सापडणार नाही.

सायबर सुरक्षेची केंद्रीय संस्था सर्ट-इन हिने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणांचे लॉग 180 दिवस जपायचे आहेत आणि सायबर घटना कळल्यापासून 6 तासांत कळवायची आहे. याच निर्देशांत सर्व यंत्रणांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवून ठेवण्याचीही सक्ती आहे. वरवर किरकोळ वाटणारी ही अट फार शहाणपणाची आहे. सॉफ्टवेअर, डेटाबेस आणि क्लाउड यांचे तीन लॉग शेजारी ठेवून गोष्ट जुळवायची असते. एकाचे घड्याळ दहा मिनिटे मागे असेल, तर दार उघडण्याआधीच चोर आत शिरलेला दिसेल आणि सगळी साक्ष डळमळेल.

एक साधी परीक्षा

तुम्ही कंपनीचे संचालक असाल, पतसंस्थेच्या मंडळावर असाल किंवा हिशेब तपासत असाल, तर तुम्हाला यातले तांत्रिक काही करता यायला हवे असे नाही. सर्वांत जास्त अधिकार असलेल्या अ‍ॅडमिनला शेजारी बसवा. नोंदींच्या साठ्यात त्याच नियमांखाली चाचणीची एक फाइल ठेवायला सांगा, आणि मग तिची मूळ प्रत कायमची पुसून दाखवायला सांगा. त्याच्या पडद्यावर `AccessDenied` आले पाहिजे. त्यानंतर मागच्या आठवड्यातला कोणताही एक दिवस निवडा आणि त्या दिवसाची साखळी तुमच्यासमोर तपासायला सांगा. शेवटी, त्या दिवशी केलेला एक बदल कोणत्या माणसाने केला हे नोंदीवरून शोधायला सांगा. उत्तरात खात्याचे नाव आले आणि माणसाचे नाव आले नाही, तर सामायिक खाती बंद करण्याचे काम तुमच्या हाती लागले.

या परीक्षेत अ‍ॅडमिनवर अविश्वास नाही. प्रामाणिक माणसाला तर ती हवीच असते. पैसे गेल्यावर पहिले बोट त्याच्याकडेच वळते, आणि ‘मला हे पुसता आलेच नसते’ हे दाखवण्यासाठी त्याच्याजवळ त्या कुलूपबंद वहीखेरीज दुसरा साक्षीदार नसतो.